दिसण्याचं कौतुक की स्वभावाचं? (सुरुवातीच्या चॅटिंगमधला पेच)

अधांतर

मंडळी, प्रश्न बालिश वाटेल, पण मनापासून विचारतोय. टवाळी जरा बेताने करा.

मित्रांच्या ग्रुपमध्ये एका मुलीशी ओळख झाली. नंबर तिनेच दिला. हल्ली रोज बोलणं होतं, पण सगळं मेसेजवर. प्रत्यक्ष भेट एकदाच झालीय, तीही दहा जणांच्या गोंगाटात. मला ती आवडते. मीही तिला नकोसा नसावा, कारण बरेचदा पहिला मेसेज तिचाच असतो. आता थट्टामस्करीच्या पुढे जायचं तर कुठेतरी कौतुकाचे दोन शब्द बोलावे लागणार, आणि गाडी तिथेच अडलीय. मित्र म्हणतो दिसण्याचं कर, नाहीतर 'चांगला मित्र' होऊन बसशील. बहीण म्हणते दिसण्याबद्दल चकार शब्द काढू नकोस, स्वभावाबद्दल बोल. दोन्ही करून झालंय. जसंच्या तसं देतो:

मी: नवीन डीपी भारी! खूप सुंदर दिसतेस
ती: थँक्यू 😊

यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत शांतता. मग परवा:

मी: तू खरंच खूप मॅच्युअर आणि समजूतदार आहेस
ती: हे तुला कसं कळलं? 😄 एकदाच तर भेटलोय
मी: असंच, जाणवतं
ती: हम्म

आता सांगा, कोणाचं ऐकू?

ठोंब्या

बहीण बरोबर आहे. विषय संपला. दिसणं आईबापांकडून आलेलं असतं, त्यात तिचं कर्तृत्व काय? स्वभाव माणूस स्वतः घडवतो. म्हणून स्वभावाचंच कौतुक करावं. दिसण्यावर बोलणारे तिच्या इनबॉक्समध्ये ढिगाने असतील, तू त्यांच्यातला एक होऊ नकोस.

सरळसोट

ठोंब्याभाऊ, असल्या सल्ल्यांनी किती जणांचा 'दादा' झालाय याची गणती नाही. स्वभावाचं कौतुक बॉसही करतो आणि शेजारचे काकाही. 'तू मला आवडतेस' हे तिला कळणार कशावरून? दिसण्याबद्दल बोललास की हेतू स्पष्ट होतो. तिला नको असेल तर तीही तिथेच स्पष्ट करेल, दोघांचा वेळ वाचेल.

वसुधाताई

अरे अधांतर, फोटोचा एवढा बाऊ कशाला करतोस? साधा, समोरून काढलेला, चेहरा नीट दिसेल असा लाव. गॉगल नको. आमच्या भाच्याने गॉगलवाला लावला होता, समोरच्यांना वाटलं डोळ्यांत काही दोष आहे.

अधांतर

वसुधाताई, फोटो तिचा आहे हो, माझा नाही :)

वसुधाताई

मग तिला सांग, गॉगल नको.

मेघमल्हारी

वसुधाताई, तुम्ही लिहीत राहा.

धागाकर्त्या, अशा मेसेजच्या दुसऱ्या टोकाला मी बरीच वर्षं काढलीत, म्हणून तिथून कसं दिसतं ते सांगते. 'सुंदर दिसतेस' वाचून राग येत नाही. पण त्यावर 'थँक्यू' सोडून लिहिणार काय? 'हो, दिसते खरी' असं लिहायचं का? 'नाही रे, काहीतरीच काय' म्हटलं तर तू अजून चार विशेषणं पाठवणार आणि मला अजून अवघडणार. म्हणून थँक्यू, हसरी स्मायली, फोन बाजूला. यात नकार कुठेच नसतो, बोलणंच संपलेलं असतं.

आणि ठोंब्या, स्वभावाचं कौतुक म्हणजे आपोआप सभ्य असं काही नसतं. 'तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस' हे मला इतक्यांनी लिहिलंय की यांचा कुठे क्लास चालतो का, असा संशय येतो. ते म्हटलं तर स्वभावाचंच कौतुक. पण ते वाचताना माझ्या मैत्रिणींना शिव्या पडल्यासारखं वाटतं. वर त्यात एक अटही असते, की आता तशीच राहा.

निळावंती

वाचत होते, आता राहवत नाही.

अधांतर, तुझे दोन्ही मेसेज एकाच कारणाने पडले. पहिला तिच्या कुठल्याही फोटोवर चालला असता, दुसरा जगातल्या कुठल्याही मुलीला पाठवता आला असता. दिसणं की स्वभाव हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, की तू जे म्हणतोयस ते तुला दिसलंय का, आणि तुला दिसलंय हे तिला माहीत आहे का.

सुरुवातीच्या दिवसांत स्वभावाचं कौतुक जास्त अवघड असतं, हे कोणी सांगत नाही. दिसण्याचा पुरावा तुझ्यासमोर असतो, फोटो आहे. स्वभावाचा पुरावा अजून जमायचा असतो. म्हणून तुझं 'समजूतदार' वाचून तिने पहिल्यांदा पुरावाच मागितला: 'हे तुला कसं कळलं?' स्मायली आहे, पण प्रश्न खराच आहे. त्यावर तू 'जाणवतं' म्हणालास आणि ती संधीही गेली. अनोळखी माणसाने आपल्या अंतरंगाबद्दल ठामपणे बोललं की दोनच गोष्टी मनात येतात: हा सगळ्यांना हेच लिहितो, किंवा याने माझी मनातल्या मनात एक मूर्ती उभी केलीय आणि आता मला तिच्यासारखं वागावं लागणार. दुसरी जास्त त्रासदायक.

मला सांग, हा मेसेज पाठवण्याआधी ती काय बोलत होती? आणि डीपीत नक्की काय आहे? ओळख पटेल असं काही न सांगता सांग.

सरळसोट

निळावंतीताई, हे सगळं ठीक, पण मानसशास्त्रात एक जुना प्रयोग आहे, ॲरन्सन आणि लिंडर, १९६५. आधी नावं ठेवून मग कौतुक करणारा माणूस सतत कौतुक करणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो, असं त्यात निघालं होतं. म्हणजे आधी जरा खेचायचं, भाव द्यायचा नाही, मग हळूच एक कॉम्प्लिमेंट सोडायची. लोक उगाच नाही करत.

अधांतर

@निळावंती, त्या दिवशी तिच्या ऑफिसात प्रेझेंटेशन होतं. तिचा मेसेज असा होता: 'मध्येच माइक गेला. मागच्या रांगेला म्हटलं, पुढे या नाहीतर मी तिकडे येते. कोणी हललं नाही. मग गेलेच मागे. बॉस पहिल्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून बसलेले 😂'

मी लिहिलं 'हाहा भारी'. अर्ध्या तासाने ते मॅच्युअरवालं.

डीपीत ती हसतेय, वाऱ्याने केस तोंडावर आलेत, डोळे मिटलेले आहेत.

मेघमल्हारी

'हाहा भारी'!! अरे देवा. तिने सोन्याची खाण उघडून दाखवली आणि तू वॉचमनला हात दाखवून पुढे गेलास.

निळावंती

आधी सरळसोट, कारण हा प्रयोग मुलांना अर्धाच सांगितला जातो. त्यात विद्यार्थिनींना दुसरी एक मुलगी आपल्याबद्दल तिसऱ्याच माणसाशी काय बोलते ते कानावर पडेल अशी व्यवस्था केली होती, तीही सात वेळा. बोलणारीला आपलं बोलणं ऐकलं जातंय याची कल्पना नाही, असा त्यांचा समज होता. तोंडावर कोणी कोणाला टोमणा मारला नव्हता. मत सात भेटींत हळूहळू बदलत गेलं, म्हणून ते खरं वाटलं. नंतर इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा निकाल दरवेळी तसाच आला असंही नाही. त्यावरून 'आधी खेचा' हा धडा निघत नाही. चॅटवर तर चेहरा नाही, आवाज नाही, तुझी खेच गंमत होती की तुच्छता, हे तिने ठरवायचं कशावरून? फार तर एवढं घ्या, की पहिल्याच दिवशी सगळी विशेषणं उधळून टाकली तर पुढे कौतुक वाढायला जागा उरत नाही.

आता अधांतरचा माइक. या मेसेजमध्ये तिने तुला काय दिलं होतं बघ. माइक गेला, ती थांबली नाही. लोक हलले नाहीत, तर स्वतः गेली. बॉसची पाठ आली, तरी बिचकली नाही, उलट तीच गोष्ट सांगताना हसतेय. एवढं सगळं समोर असताना 'मॅच्युअर' म्हणजे यातलं काहीच न वाचल्याची पावती. शिवाय ते अर्ध्या तासाने, म्हणजे कशावरून म्हणतोयस तो धागाही तुटलेला. तिथल्या तिथे असं काही लिहिता आलं असतं:

'थांब, बॉसना पाठमोरं बसवून तू मागच्या रांगेत जाऊन बोललीस? मी तर माइक दुरुस्त करणाऱ्याला शोधत बसलो असतो. मग बॉस वळले का?'

यात धीट, हजरजबाबी, आत्मविश्वास यातला एकही शब्द नाही, तरी कौतुक तिच्या धीटपणाचंच आहे. ते तिने केलेल्या गोष्टीवर टांगलेलं आहे, त्यामुळे 'तुला कसं कळलं' विचारायची वेळच येत नाही. आणि शेवटी एक प्रश्न आहे, त्यामुळे तिला थँक्यू म्हणून अवघडून बसावं लागत नाही, पुढची गोष्ट सांगता येते.

ठोंब्या

म्हणजे मी बरोबरच होतो. स्वभाव.

निळावंती

अर्धे बरोबर :) डीपी अजून बाकी आहे.

डोळे मिटलेला, केस विस्कटलेला फोटो कोणी अपघाताने डीपी म्हणून ठेवत नाही. असे पंचवीस फोटो काढले जातात, त्यातले चोविसांत डोळे उघडे असतात. तिने हा निवडला. चेहरा आईबापांकडून आला असेल, निवड तिची आहे. ठोंब्याला कर्तृत्वच हवं असेल तर ते इथेही सापडतं. कपडे, केसांची नवी ठेवण, फोटो काढायचा कोन, चष्म्याची फ्रेम, हे सगळं दिसण्यातच येतं, पण माणसाने ठरवलेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत दिसण्याबद्दल बोलायचं तर इथून बोलावं. अवयवांपर्यंत जाऊ नये. 'डोळे मिटलेला फोटो डीपीला लावायला हिंमत लागते. आणि छान दिसतेयस त्यात.' दुसरं वाक्य साधंच आहे, पहिल्यामुळे ते खरं वाटतं.

सरळसोट

म्हणजे 'छान दिसतेयस' म्हणायचंच. तेच तर मी म्हणत होतो.

निळावंती

हो, आणि त्या मुद्द्यावर मी तुझ्या बाजूने आहे. महिनाभर नुसतं विनोदबुद्धीचं आणि हुशारीचं कौतुक करत राहिलं तर समोरच्याला खरंच कळत नाही, की हा मैत्री करतोय की आणखी काही. दिसण्याबद्दलचं एखादं वाक्य ते काम करतं. फक्त ते क्वचित असावं, आणि ती ज्या दिवशी स्वतः फोटो टाकेल किंवा बदलेल त्या दिवशी असावं.

सायलेंट_मोड

मी मुलगा, मला मुलं आवडतात, त्यामुळे चित्र थोडं वेगळं. ॲपवर पहिला मेसेजच फोटोवर असतो, बऱ्याचदा तिथेच सगळं संपतं. मला कोणी 'स्मार्ट दिसतोस' लिहिलं तर राग येत नाही, आवडतं. पण त्याच माणसाने तीन दिवस फक्त तेच लिहिलं, की मी कंटाळतो. एकदा एकाने लिहिलं, 'तुझ्या प्रत्येक फोटोत तू कडेला उभा असतोस, मध्ये कधीच नाही, का रे?' फोटोवरच होतं, दिसण्यावर म्हणावं तर म्हणता येईल, पण त्याने सगळे फोटो बघितलेत हे कळलं. त्याच्याशी पुढे बराच काळ बोललो.

मेघमल्हारी

हे मात्र जपून. सगळे फोटो बघितलेत हे कळणं कधी गोड लागतं, कधी अंगावर काटा आणतं. प्रोफाइलवर तुम्ही स्वतः लावलेले पाच-सहा फोटो वेगळे, आणि रात्री साडेअकराला माझा चार वर्षांपूर्वीचा फोटो उकरून त्यावर 'वॉव' टाकणं वेगळं. 'वॉव'ने कोणाचं काय बिघडतं? पण वेळ आणि खोदकाम बघून मी दार लावून घेते.

अनघा_८

माझा प्रश्न उलटा आहे, चालेल का? मला एका मुलाला सांगायचंय की तो छान दिसतो. मुलगी असून असं म्हटलं तर उथळ वाटेल, की 'ही मागेच लागली' असं वाटेल?

सरळसोट

अनघा, बिनधास्त सांग. पुरुषांना असं कोणी सांगतच नाही. मला एका मैत्रिणीने 'तो निळा शर्ट तुला शोभतो' म्हटलं होतं, तो शर्ट कॉलर फाटेपर्यंत घातला.

विश्वासराव

दिसण्याचं कौतुक करायचं की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. ओकेक्युपिड या डेटिंग साइटने २००९ साली पाच लाखांहून जास्त पहिल्या मेसेजांचा हिशोब मांडला होता. दिसण्याबद्दलचे शब्द असले की उत्तर यायची शक्यता कमी झाली होती. साधी इतर विशेषणं असली, किंवा तुझ्या प्रोफाइलमध्ये तू अमुक लिहिलंयस असा उल्लेख असला, की ती वाढली होती. आकड्यांपुढे मतं काय कामाची?

निळावंती

विश्वासराव, आकडे मलाही माहीत आहेत, पण ते कशाचे आहेत ते बघा. एकमेकांना कधीच न भेटलेल्या माणसांचा पहिलाच मेसेज, आणि मोजलं काय, तर उत्तर आलं की नाही. इथे तर ती स्वतः मेसेज करतेय, रोज बोलणं आहे. 'उत्तर देईल का' हा अधांतरचा प्रश्नच नाही. त्या हिशोबातलं एकच इथे लागू पडतं असं मला वाटतं: समोरच्याने स्वतः सांगितलेल्या गोष्टीला धरून बोललेलं चालतं. दिसण्याचं कौतुक कायमचंच नापास, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

विश्वासराव

काढता येतो असं माझं मत. पहिल्या मेसेजला जे खटकतं ते विसाव्याला का खटकू नये?

मेघमल्हारी

कारण विसाव्या मेसेजपर्यंत तो कोण आहे हे मला थोडं तरी माहीत असतं. तेच वाक्य अनोळख्याने म्हटलं तर त्याला फक्त माझा फोटो दिसलाय. ज्याला माझ्या माइकची गोष्ट माहीत आहे त्याने म्हटलं, तर तो माझ्याकडे बघून म्हणतोय असं वाटतं.

ठोंब्या

मग क्रम ठरला: आधी स्वभाव, मग दिसणं.

निळावंती

क्रमाचा नियम मी करणार नाही. डीपी आधी बदलला आणि माइक नंतर गेला, तर तू काय माइक जायची वाट बघत बसणार? जे समोर येईल त्यावर बोलायचं. पण चांगलं उतरलं की नाही हे कसं ओळखायचं, ते सांगते, कारण स्मायली बघून लोक फसतात. स्मायली सगळेच टाकतात. त्यानंतरचा मेसेज बघायचा. तिने स्वतःहून काही जोडलं का? 'हा फोटो काढताना तर पडता पडता वाचले' असं काही? किंवा उलट तुझ्याबद्दल विचारलं का? तुझ्या एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं का? यातलं काही आलं तर दार उघडं आहे. दिसण्याच्या कौतुकावर दोनदा थँक्यू येऊन विषय बदलला, तर तिसऱ्यांदा करू नये. त्याच वेळी बाकीच्या गप्पा रंगत असतील तर ती माणसाला टाळत नाहीये, फक्त त्या विषयावर अजून मोकळी नाही. आणि गप्पाही आखडल्या, तर मग कौतुकाचा प्रकार बदलून काही होत नाही.

अधांतर

सगळ्यांचे आभार, वसुधाताईंसकट. माइकची गोष्ट आता शिळी झाली होती, तरी काल रात्री नऊच्या सुमारास लिहिलंच:

मी: एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी बॉस वळून बसले की शेवटपर्यंत पाठच?
ती: 😂😂 खुर्ची फिरवली! आवाजासकट. सगळे बघायला लागले
मी: म्हणजे तू मागच्या रांगेला पुढची रांग करून टाकलीस. मी असतो तर माइकची वाट बघत उभा राहिलो असतो
ती: तू उभा राहिलाच असतास. ग्रुपमध्येही तू सगळे बसल्यावर मग बसलास
ती: मी पाहिलं होतं

यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. काय लिहू?

मेघमल्हारी

काल रात्री नऊला आलाय आणि अजून उत्तर नाही?! धागा बंद कर आणि आधी तिकडे जा.

सरळसोट

आता डीपीचं बोल. यापेक्षा चांगला मोका येणार नाही.

निळावंती

नको. एकदाच्या भेटीत तिने तुझ्याकडे लक्ष दिलं होतं, ते तिने आत्ता कबूल केलंय. त्यावर डीपी काढलास तर तिचं वाक्य हवेतच राहील. 'अजून काय काय पाहिलंस?' एवढं विचार.

सरळसोट

आणि तिने 'काही नाही' म्हटलं तर?

वसुधाताई

तर तिला सांग, पुढच्या वेळी शेजारी बस, नीट दिसेल.

मेघमल्हारी

वसुधाताई!!! निळावंतीचं राहू दे, हेच पाठव.

निळावंती

'काही नाही' आलं तरच. पण हो, वसुधाताईंचं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

अनघा_८

माझं राहिलंच. मी त्याला लिहिलं, 'चष्म्याची नवी फ्रेम छान आहे, शोभते तुला.' उत्तर आलं, 'जुनीच आहे गं, तू आज पाहिलीस.' हे चांगलं की वाईट?